दोन सह्या

बेबीचं वय चौपन्न. तिला बेबी म्हणणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती, पण जी होती ती हाक मारताना जराही लाजत नसत, आणि बेबीही निमूटपणे ओ देई. सव्वीस वर्षं परदेशात काढली, दोन मुलं तिकडेच लहानाची मोठी झाली, नवरा तिकडेच निवृत्त व्हायच्या बेतात. आई गेल्यावर इकडे राहिला तो आईचा दोन खोल्यांचा फ्लॅट. तो विकून पैसे तिकडे न्यायचे, एवढंच काम होतं. महिनाभराची रजा होती. एवढ्या रजेत एवढं काम उरकतं असं तिला वाटलं, कारण इथे कामं कशी चालतात हे ती सोयीस्करपणे विसरली होती.

बँकेच्या पहिल्या मजल्यावर, परदेशात पैसे पाठवण्याच्या टेबलासमोर ती बसली होती. टेबलामागे चष्मा लावलेल्या अधिकारी बाई. वयानं बेबीपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, आवाज हळू आणि घाई अजिबात नाही. अशी माणसं फार महागात पडतात. ओरडणारा अधिकारी असला तर निदान आपणही ओरडून घेता येतं.

"मॅडम, तुमचे कागद मी पाहिले. सीएंचा दाखला आहे, तुम्ही करखात्याकडे ऑनलाइन भरलेलं निवेदन आहे, आमच्याकडचं घोषणापत्र आहे. पण तीन गोष्टी जुळत नाहीत. काल पत्र पाठवलंय ना, त्याच."

"पत्र वाचलं," बेबी म्हणाली. खरं तर तिनं ते अर्धंच वाचलं होतं. उरलेलं अर्धं वाचायचं धाडस झालं नव्हतं.

अधिकारी बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. डावीकडे फ्लॅटच्या खरेदीखताचं शेवटचं पान. उजवीकडे बँकेचं घोषणापत्र. दोन्हीवर बेबीची सही, तीच लांबलचक शेपटी असलेली, शाळेत असताना बाईंनी छान म्हटलेली.

"तीन आठवड्यांपूर्वी खरेदीखतात तुम्ही लिहून दिलंय की विकणाऱ्या बाई निवासी आहेत, पत्ता इथलाच. आणि गेल्या आठवड्यात आम्हाला लिहून दिलंय की तुम्ही अनिवासी आहात. म्हणूनच तर हे खातं आणि हे सगळं. यातली कुठली सही खरी धरू?"

बेबीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेजारच्या टेबलावरचा माणूस शिक्का मारता मारता थांबला, निदान तिला तसं वाटलं.

"तो पत्ता आईच्या घराचा होता. फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटनं लिहिला. मी फक्त सही केली."

"हं. आता दुसरं. निवासी माणसाकडून घर घेतलं की घेणारा एक टक्का कर कापतो. अनिवासीकडून घेतलं तर नियम वेगळा, कर कितीतरी जास्त कापायचा, त्यासाठी घेणाऱ्यानं करखात्याकडून वेगळा नंबर काढायचा. तुमच्या बाबतीत एक टक्का भरलाय, साठ हजार. आणि सीएंनी दाखल्यात 'कर रीतसर कापला' असं म्हटलंय. त्यांनी खरेदीखत पाहिलं होतं का?"

त्या सीएला बेबी भेटलीच नव्हती. एजंटनं त्याचा फोन नंबर दिला, हिनं त्यावर कागदांचे फोटो पाठवले, त्यानं तासाभरात दाखला चढवला. मनातल्या मनात तिनं त्याचं नाव 'झटपट' ठेवलं होतं, आणि तेव्हा ते कौतुकानं ठेवलं होतं.

"आणि एक," अधिकारी बाईंनी खात्याचा उतारा पुढे सरकवला. "फ्लॅटची किंमत साठ लाख. साठ हजार कर कापला, तर तुमच्या खात्यात एकोणसाठ लाख चाळीस हजार यायला हवे होते. आलेत पूर्ण साठ लाख. मग कर कोणाच्या खिशातून गेला?"

हा प्रश्न त्या पत्राच्या दुसऱ्या अर्ध्यात होता.

बेबीला उत्तर माहीत होतं, आणि लाज वाटायची ती तिथेच वाटत होती. बाकीचं एजंटच्या गळ्यात मारता आलं असतं.

फ्लॅट घेतला होता मास्तरीणबाईंनी. आईच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या, गाडी शिकवणाऱ्या बाई. दोन गाड्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं त्यांचं, दोन्ही गाड्यांवर मोठ्या लाल अक्षरांत 'शिकाऊ'. बेबीच्या आईला एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकायची हुक्की आली, तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. बेबीनंही तिकडून फोनवर काढलं. मास्तरीणबाईंनी मात्र तिला चार महिने शेजारी बसवून शिकवलं, आणि लायसन मिळवूनच सोडलं. मास्तरीणबाई हे नावही आईनंच ठेवलेलं. पुढे आईला कुठे न्यायचं असलं, दवाखाना असो की बाजार, तर त्याच नेत. परदेशातून बेबी फक्त विचारायची, "पोहोचलीस ना नीट?"

कागदपत्रांच्या दिवशी एजंट म्हणाला होता, "ताई, परदेशचा पत्ता टाकू नका. घेणाऱ्या बाईंना उगाच नंबर काढायला लागेल, मोठा कर कापावा लागेल, व्यवहार लटकेल. तुमची रजा संपेल. इथलाच टाका ना, तुम्ही काय परक्या आहात का?" आणि बेबीला ते आवडलं होतं. मोठा कर कापला जाणार नाही हेही आवडलं होतं. करविवरण भरून कर पुढे कधीतरी भरू, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते कधीतरी म्हणजे कधी हे विचारायच्या भानगडीत ती पडली नाही.

मग धनादेशाच्या वेळी मास्तरीणबाई संकोचून म्हणाल्या होत्या, "बेबीताई, तो एक टक्का मला भरावा लागतो म्हणे तुमच्या पैशातून. पण आईंच्या घराच्या पैशातून मी कशी कापू? मी माझाच भरलाय. तुम्हाला पूर्ण साठ दिलेत. काही मनात आणू नका हं." आणि बेबीनं मनात काहीच आणलं नव्हतं. 'अहो, कशाला' एवढं म्हणाली होती. एवढंही कमी आवाजात.

"मॅडम?" अधिकारी बाई म्हणाल्या.

"मला दोन दिवस द्या," बेबी म्हणाली.

"घ्या ना. पैसे कुठे जात नाहीत. फक्त ऑनलाइनचं निवेदन सात दिवसांच्या आत मागे घेता येतं, आज पाचवा दिवस आहे. तेवढं लक्षात ठेवा."

बँकेच्या जिन्यात तिनं एजंटला फोन लावला. एजंट हसला. "एवढंच ना ताई? दुसरी बँक बघू. दुसरा सीए बघू. माझ्याकडे एक आहे, डोळे मिटून सही करतो." डोळे मिटून हे त्यानं गुण म्हणून सांगितलं. बेबीनं फोन ठेवला, आणि ठेवताना हो म्हणायला आपली जीभ किती वळवळत होती, हे तिचं तिलाच कळलं.

मग ती तिथे गेली जिथे तिनं पहिल्याच दिवशी जायला हवं होतं. आईचं विवरण तीस वर्षं भरणारे सीए काका. कपाटांना कपाट लागलेलं ऑफिस, खिडकीवर धुळीची पातळ साय, टेबलावर पंख्यानं उडू नये म्हणून कागदांवर ठेवलेली जुनी कुलपं. काकांनी तिला पाहिलं आणि चष्मा कपाळावर नेला.

"बेबी! आलीस होय? मला वाटलं तू फ्लॅट विकून परत गेलीस. एजंट म्हणत होता."

म्हणजे काकांना सगळं माहीत होतं. त्यांना डावलून दुसरीकडे गेल्याचंही. बेबीनं पत्र पुढे केलं. काकांनी ते सावकाश वाचलं, दोन्ही अर्धी. मग एकदम मिस्किल चेहरा केला, जो आईलाही फार आवडायचा.

"अगं, तुझ्या आईचं बँकेचं व्याज शंभर रुपयांनी चुकलं तरी ती मला धारेवर धरायची. आणि तू तिच्या घरावर कुणाची तरी डोळे मिटून केलेली सही घेऊन आलीस?"

"काका, चुकलं. आता काय करायचं ते सांगा."

"चूक तुझी, पण भोगणार कोण ठाऊक आहे? कर कापायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. उद्या करखात्यानं विचारलं तर नोटीस मास्तरीणबाईंना. न कापलेला कर त्यांच्याकडून, वर व्याज. तू परदेशात. तुला कोण शोधणार?" काकांनी चष्मा खाली आणला. "तिनं एक गाडी विकलीय या फ्लॅटसाठी. माहीत आहे ना?"

बेबीला माहीत नव्हतं. ती कुलपांकडे बघत राहिली.

काकांनी मग एका कागदाच्या मागच्या बाजूला सगळं लिहून दिलं. चुकलेलं निवेदन आज, उशीर न करता, मागे घ्यायचं. पुन्हा रजिस्ट्रारकडे जाऊन चूकदुरुस्ती दस्त करायचा, त्यात विकणारी अनिवासी असं स्वच्छ लिहायचं. मास्तरीणबाईंनी कर कापणाऱ्याचा नंबर काढायचा आणि उरलेला कर, साधारण आठ लाख, व्याजासकट त्यांच्या नावानं भरायचा. पण तो पैसा त्यांचा नाही. तो बेबीनं त्यांना द्यायचा. ते साठ हजारही, कारण करखात्यात ते बेबीच्याच नावावर जमा दिसतात. मग काका नवा दाखला देणार, आणि मगच बँकेत जायचं.

"हा तुझा शेवटचा कर नाही. नफ्यावर खरा कर जेवढा निघेल तेवढाच. जास्त गेला असेल तर विवरण भरलं की परत मिळतो. व्यवहाराआधी आली असतीस तर करखात्याकडून कमी दराचा दाखला काढून दिला असता. आता ते दार बंद."

"काका, मास्तरीणबाईंना कोण सांगणार?"

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की उत्तर द्यायची गरज उरली नाही.

मास्तरीणबाई घरी नव्हत्या, मैदानाच्या कडेला होत्या. आता एकच गाडी. शेजारी एक घाबरलेला मध्यमवयीन गृहस्थ स्टिअरिंग असं घट्ट धरून बसला होता, जणू ते कुणी पळवून नेणार आहे. "सोडा हो जरा, गाडी आहे ती, बायको नाही," मास्तरीणबाई त्याला म्हणत होत्या. बेबीला पाहून त्यांनी त्याला उतरवलं, तो सुटल्यासारखा उतरला, आणि स्वतः चालकाच्या जागेवर येऊन शेजारचं दार उघडलं.

"या, या! बसा. तुमच्या आई बसायच्या तिथेच." मग हसल्या. "म्हणजे लायसन मिळाल्यावर. आधी त्या स्टिअरिंगमागे बसून सगळ्या रस्त्याला घाम फोडायच्या."

बेबी बसली. इंजिन बंद होतं. समोर मैदान, त्यात टायर रंगवून मांडलेली वळणं. तिनं सांगायला सुरुवात केली. आपण अनिवासी आहोत हे लपवलं, एजंटच्या सांगण्यावरून पण आपल्या सोयीसाठी, कर तुम्ही कापायला हवा होता तो कितीतरी जास्त, आणि ते साठ हजार तुम्ही भरले ते मला कळलं होतं आणि मी गप्प बसले. ते तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं, कारण सगळ्यात अवघड तेच होतं. एक गोष्ट मात्र तिनं सांगितली नाही: बँकेनं पकडलं म्हणून आपण आलोय हे. ते तोंडातून बाहेर येईना. एवढं सांगितल्यावर निदान एवढं तरी आपल्याला मिळू दे, असं तिला वाटलं.

मास्तरीणबाई गिअरची मूठ अंगठ्यानं चोळत राहिल्या.

"म्हणजे मला नोटीस आली असती?"

"हो."

"आठ लाखांची?"

"हो. पण आता येणार नाही. पैसे मी देते, ते साठ हजारही. फक्त तुम्हाला सह्या कराव्या लागतील. बऱ्याच."

"सह्यांचं काय, करीन." त्या समोर बघत म्हणाल्या. "राग आलाय हो मला. खोटं कशाला बोलू? गाडी विकली तेव्हा वाईट वाटलं नाही, आत्ता वाटतंय." मग थोड्या वेळानं, "पण तुम्ही आपणहून आलात. तुमच्या आई म्हणायच्या, माझी बेबी उशिरा का होईना, येते."

बेबीला वाटलं आता सांगावं. आता नाही सांगितलं तर मग कधीच नाही. पण मास्तरीणबाईंनी तेवढ्यात त्या गृहस्थाला हाक मारली, "या हो परत, घाबरू नका, आज नुसतं पुढेमागे," आणि बेबी दार उघडून उतरली. उतरली, आणि सुटल्यासारखंच तिला वाटलं, त्या गृहस्थासारखं. स्वतःची तिला किळस आली.

पुढचे तीन आठवडे कामात गेले. रजा वाढवून घेतली. नवऱ्यानं फोनवर तोफ डागली, तिनं ऐकून घेतली. निवेदन त्याच दिवशी मागे घेतलं होतं, सहाव्या दिवसाची वेळच आली नाही. नंबर आला. चूकदुरुस्ती दस्ताच्या दिवशी रजिस्ट्रारच्या ऑफिसात तोच एजंट दुसऱ्या कुणाला तरी तेच समजावत होता, बेबीकडे पाहून त्यानं मान दुसरीकडे वळवली. कर भरला गेला, व्याजासकट. प्रत्येक ठिकाणी मास्तरीणबाई वेळेवर येत, काका सांगतील तिथे सही करत, आणि बेबीशी हवापाण्याचं बोलत. एकदा काकांच्या ऑफिसात फाइल चाळत त्या बराच वेळ बसल्या होत्या, तेव्हा बेबी खाली झेरॉक्स काढायला गेली होती. काकांनी बँकेसाठी त्यांच्याकडून एक पत्रही लिहून घेतलं: उरलेला कर विकणाऱ्या बाईंच्या पैशातून भरला, साठ हजारही परत मिळाले.

आणि मग पुन्हा बँकेचा पहिला मजला, तेच टेबल. अधिकारी बाईंनी काकांचा दाखला वाचला, नवं निवेदन, कराची पावती, दुरुस्ती दस्त, नवं घोषणापत्र. शेवटी मास्तरीणबाईंचं पत्र. ते त्यांनी अर्धं मनात आणि अर्धं हळू आवाजात वाचलं.

"'...चूक झाल्याचं विकणाऱ्या बाईंनी मला स्वतःहून सांगितलं आणि सगळी रक्कम भरून दिली.'"

'स्वतःहून' पाशी त्या थांबल्या. त्यांनी वर पाहिलं. बँकेच्या पत्रातले ते प्रश्न त्यांनीच विचारले होते, पाचव्या दिवसाची आठवणही त्यांनीच दिली होती. बेबी खालच्या मानेनं टेबलाची कडा बघत होती.

"ते बरोबर नाही," बेबी म्हणाली. "तुम्ही पत्र पाठवलंत म्हणून मी गेले."

"मॅडम," अधिकारी बाई तशाच हळू आवाजात म्हणाल्या, "मला फक्त कर हवा होता. तो बरोबर आहे." आणि त्यांनी शिक्का मारला. "दोन दिवसांत पैसे जातील."

बँकेखाली मास्तरीणबाई गाडी घेऊन उभ्या होत्या. विमानतळावर मीच सोडणार असं त्यांनी आधीच बजावलं होतं, बेबीच्या बॅगा मागच्या सीटवर होत्या. शिकाऊ गाडी, छतावर लाल अक्षरं, लोक मागून हॉर्न देत होते. बेबी शेजारी बसली.

"झालं का?"

"झालं. मास्तरीणबाई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी पट्टा लावा."

तिनं पट्टा लावला. "मी आपणहून आले नव्हते. बँकेनं पकडलं म्हणून आले. त्या दिवशी तुम्हाला सांगितलं नाही."

मास्तरीणबाईंनी आरसा नीट केला, मागे पाहिलं, आणि गाडी रस्त्यावर घेतली. पुढच्या सिग्नलला थांबवली.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "काकांच्या फाइलमध्ये बँकेचं पत्र होतं. वर तारीख. मला वाचता येतं, बेबीताई."

"मग तसं का लिहिलंत?"

सिग्नल सुटला. मागच्यानं पुन्हा हॉर्न दिला. मास्तरीणबाईंनी घाई केली नाही, त्यांनी कधीच केली नसावी.

"मी लिहिलं त्या पत्रात वर आईंचं नाव होतं. फ्लॅट त्यांचा म्हणून. त्यांच्या नावाखाली त्यांच्या मुलीबद्दल दुसरं काय लिहायचं, मला सुचलं नाही."

बेबीनं तोंड खिडकीकडे वळवलं. मास्तरीणबाईंनी तिच्या बाजूची काच खाली केली आणि गिअर बदलला.